सात मिलिमीटर, अकरा दिवस

‘सॅक दिसतेय, पण ठोके अजून आलेले नाहीत. दहा-बारा दिवसांनी पुन्हा या.’ पाळी चुकल्यावर पहिली सोनोग्राफी करून घेतलेल्या अनेकजणी हेच ऐकून बाहेर पडतात. घरी सगळे विचारतात, ‘म्हणजे आहे की नाही?’ आणि उत्तर कुणाकडेच नसतं. काहींना मात्र पहिल्याच तपासणीत सांगितलं जातं की वाढ थांबली आहे, पिशवी साफ करून घ्या. यातलं कुठलं वाक्य कुणाच्या बाबतीत योग्य, हे काही मिलिमीटर आणि काही दिवसांवर ठरतं. ते आकडे कुठून आले आणि ते इतके कडक का आहेत, हे बाईला आणि तिच्या घरच्यांना माहीत असलं तर मधले दिवस थोडे कमी जाचतील. शिवाय एखाद्या घाईच्या निर्णयाला ‘थांबा’ म्हणण्याचं बळही मिळेल.

सुरुवातीच्या आठवड्यांत सोनोग्राफी बहुधा आतून करतात. रुग्ण तिला इंटर्नल सोनोग्राफी म्हणतात, डॉक्टर टीव्हीएस. बोटाएवढ्या जाडीच्या प्रोबवर जेल लावून कंडोम चढवतात आणि तो योनीमार्गातून हलकेच आत सरकवतात. लघवी करून यायला सांगतात, कारण इथे भरलेलं मूत्राशय नको असतं. पोटावरून पाहताना आवाजाच्या लहरींना कातडी, चरबी, मूत्राशय असं सगळं ओलांडून जावं लागतं. आतून पाहताना गर्भाशय अगदी जवळ असतं, त्यामुळे जास्त बारीक लहरी वापरता येतात आणि दोन-तीन मिलिमीटरची गोष्टही स्पष्ट दिसते. या तपासणीमुळे गर्भपात होईल ही भीती बऱ्याच जणींच्या मनात असते. तसं होत नाही. प्रोब गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जात नाही आणि गर्भाला त्याचा धक्काही लागत नाही.

पुढचं समजायला आठवड्यांचा हिशेब आधी कळायला हवा. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. अठ्ठावीस दिवसांनी नियमित पाळी येणाऱ्या बाईत गर्भ राहतो तो साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे ‘सहा आठवडे’ म्हटलं तरी गर्भाचं खरं वय चार आठवडेच असतं. जिची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते तिच्यात बीज उशिरा फुटतं आणि गर्भ आणखी लहान असतो. ठोके न दिसण्याचं सर्वांत साधं आणि सर्वांत सुखाचं कारण हेच असतं.

नेहमीच्या हिशेबाने पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशयाच्या अस्तरात दोन-तीन मिलिमीटरचा काळा गोल ठिपका दिसू लागतो. तो म्हणजे गर्भकोष, सगळ्यांच्या बोलण्यातली सॅक. तो काळा दिसतो कारण आत पाणी असतं आणि पाण्यातून लहरी परत येत नाहीत. भोवतीची कड पांढरी आणि जाडसर असते, आणि ठिपका पोकळीच्या मधोमध नसून अस्तराच्या एका बाजूला रुतलेला असतो. साडेपाच आठवड्यांच्या सुमारास या काळ्या गोलात एक बारीक पांढरी अंगठी उमटते. ती योक सॅक. वार तयार होईपर्यंत गर्भाच्या पोषणाचं काम तिथून चालतं. पाहणाऱ्या डॉक्टरसाठी ही अंगठी फार मोलाची, कारण ती दिसली की काळा गोल म्हणजे नुसतं साचलेलं पाणी किंवा रक्त नाही, गर्भ गर्भाशयातच रुजला आहे, हे नक्की होतं.

सहाव्या आठवड्यात अंगठीच्या कडेला चिकटून एक पांढरी रेघ दिसते, दोन-तीन मिलिमीटर लांबीची. हाच गर्भ. त्याची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी रिपोर्टमध्ये ‘सीआरएल’ या अक्षरांपुढे लिहितात. ही लांबी मोजून गर्भाचं वय ठरवण्याची पद्धत ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये मांडली आणि आजही गर्भाचं वय ठरवायला तिच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. या रेघेत नीट पाहिलं की एका जागी काहीतरी लुकलुकताना दिसतं. तेच हृदय. ते अजून चार कप्प्यांचं झालेलं नसतं, नळीसारखं असतं, पण आकसत-प्रसरत असतं. सुरुवातीला त्याची गती मिनिटाला शंभराच्या थोडी पुढे असते आणि नवव्या आठवड्यापर्यंत एकशे सत्तरच्या घरात जाते.

‘ठोके ऐकवा ना’ असा आग्रह या वेळी होतो आणि डॉक्टर तो टाळतात, त्याला कारण आहे. आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लरमध्ये लहरींची ऊर्जा एकाच जागी एकवटते आणि इतक्या कोवळ्या गर्भावर ती विनाकारण टाकू नये असा संकेत आहे. त्याऐवजी एम-मोड वापरतात. पडद्यावरच्या चित्रात गर्भावरून एक सरळ रेघ ठेवायची. त्या रेघेवर जे हलतं ते खालच्या पट्टीवर लाटेसारखं उमटत जातं, आणि दोन लाटांमधलं अंतर मोजलं की ठोक्यांचा आकडा मिळतो. हृदय चालू नसेल तर पट्टीवर सपाट रेषा पुढे सरकत राहते.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. प्रश्न येतो तो यातली पुढची खूण वेळेत दिसली नाही तर. त्यासाठी दोघींची गोष्ट घेऊ. दोघी कल्पित आहेत, पण अशा जोड्या कुठल्याही प्रसूतितज्ज्ञाच्या ओपीडीत नेहमी भेटतात.

दोघींची शेवटची पाळी 1 जूनची. दोघी 23 जुलैला तपासणीला आल्या, म्हणजे 52 दिवस झाले, सात आठवडे तीन दिवस. एव्हाना गर्भ सेंटीमीटरच्या जवळ पोचलेला आणि ठोके स्पष्ट दिसायला हवेत. दोघींच्या पडद्यावर मात्र अगदी एकसारखं चित्र आहे. सॅक आहे, तिची लांबी 14, रुंदी 12 आणि उंची 10 मिलिमीटर. तिन्हींची सरासरी 12. आत योक सॅक दिसते. गर्भ दिसत नाही.

सॅकच्या सरासरी मापात 30 मिळवले की पाळीपासूनचे दिवस ढोबळमानाने मिळतात, असा एक जुना आडाखा आहे. 12 आणि 30 मिळून 42, म्हणजे चित्र सहा आठवड्यांचं आहे आणि तारखेच्या दहा दिवस मागे आहे. आता पहिलीला विचारलं तर ती सांगते की तिची पाळी सदतीसेक दिवसांनी येते. बीज नऊ दिवस उशिरा फुटलं असेल तर हिशेब जवळपास जुळतो. दुसरीची पाळी घड्याळासारखी अठ्ठावीस दिवसांची. तिच्या बाबतीत शंका वाढते, पण वाढते एवढंच. एखाद्या महिन्यात नियमित पाळीच्या बाईतही बीज उशिरा फुटू शकतं, आणि तारीख आठवण्यात गफलतही होते. त्यामुळे 23 जुलैला दोघींना एकच उत्तर मिळायला हवं: आज काही सांगता येत नाही, 4 ऑगस्टला या.

4 ऑगस्टला, बारा दिवसांनी, पहिलीच्या पडद्यावर 15 मिलिमीटरचा गर्भ आहे आणि ठोके दीडशेच्या पुढे. गर्भाचं माप सात आठवडे सहा दिवसांचं येतं, पाळीच्या हिशेबापेक्षा नऊ दिवस कमी. आता बाळंतपणाची तारीख या मापावरून धरायची. दुसरीच्या पडद्यावर सॅक वाढून 19 मिलिमीटरची झाली आहे, योक सॅक फुगून 8 मिलिमीटरची, आणि तिच्या कडेला 3 मिलिमीटरची रेघ आहे जिच्यात काहीच हलत नाही. दुर्दैवाने तिची गर्भधारणा टिकलेली नाही, आणि हे आता खात्रीने सांगता येतं.

हे खात्रीने सांगण्याचे निकष चार आहेत. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने ऑक्टोबर 2012 मध्ये वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून ते ठरवले. पुढच्या वर्षी पीटर डुबिले, कॅरॉल बेन्सन, टॉम बॉर्न आणि मायकेल ब्लेव्हस यांनी ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. गर्भाची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि ठोके नाहीत, हा पहिला. सॅकची सरासरी 25 मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि आत गर्भ नाही, हा दुसरा. उरलेले दोन दिवसांचे आहेत. आधीच्या तपासणीत योक सॅकसह सॅक दिसली होती आणि त्यानंतर अकरा दिवस उलटूनही ठोक्यांसह गर्भ दिसत नाही. किंवा आधी नुसती सॅक होती, योक सॅक नव्हती, आणि दोन आठवडे उलटूनही ठोक्यांसह गर्भ नाही. दुसरीची सॅक 25 ची नव्हती, गर्भ 7 चा नव्हता, पण अकरा दिवसांचा निकष तिला लागू पडला. तीच जर आठव्या दिवशी, 31 जुलैला आली असती आणि नेमकं हेच दिसलं असतं, तर तिला पुन्हा थांबवणं हेच बरोबर ठरलं असतं.

एवढी काटेकोर मापं कशाला, असं वाटू शकतं. त्यामागे आधीच्या चुका आहेत. अनेक वर्षं अमेरिकेत 5 मिलिमीटरच्या गर्भात ठोके नसले किंवा 16 मिलिमीटरची सॅक रिकामी असली की गर्भ गेला असं मानत. ब्रिटनमध्ये हे आकडे 6 आणि 20 होते. ते ज्या अभ्यासांवर उभे होते ते फार छोटे होते. 2011 मध्ये लंडनमध्ये बॉर्न यांच्या गटाने नक्की काही सांगता न आलेल्या हजाराहून अधिक गर्भवतींचा पुढे मागोवा घेतला. ज्यांची गर्भधारणा नंतर नीट वाढली, त्यांच्यातल्या शंभरात चाराहून थोड्या जास्त जणींना 16 मिलिमीटरच्या जुन्या निकषाने ‘गर्भ नाही’ असं सांगितलं गेलं असतं. 20 चा निकष लावला तरी दोनशेत एकीच्या बाबतीत चूक झाली असती. म्हणजे पिशवी साफ करून टाकलेल्यांत काही जिवंत गर्भ असणार होते. ब्रिटनने त्याच वर्षी आपले आकडे बदलून 7 आणि 25 केले.

त्या अभ्यासात 21 मिलिमीटरच्या पुढे आणि गर्भाच्या बाबतीत 5 मिलिमीटरच्या जरासं पुढे एकही चूक आढळली नव्हती. मग निकष 21 आणि 6 वर का थांबला नाही? कारण मोजणारा माणूस आहे. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत दिसलं की एका डॉक्टरने 20 मिलिमीटर मोजलेली सॅक दुसऱ्याने मोजली तर ती साधारण 17 पासून 24 पर्यंत कुठेही येऊ शकते. सॅक काही चेंडूसारखी गोल नसते. ती दबलेली असते, वाकडी असते, प्रोब जरा तिरका झाला की कड दुसरीकडे जाते. मापनातली ही सगळी ढील निकषात धरून वर थोडी जागा सोडली, तेव्हा 7 आणि 25 हे आकडे निघाले. 2015 मध्ये ब्रिटनमध्येच आणखी मोठ्या संख्येवर ते तपासून पाहिले गेले आणि टिकले. मला या निकषांचं हेच विशेष वाटतं. ते मेलेला गर्भ लवकरात लवकर ओळखण्यासाठी नाहीत. जिवंत गर्भ चुकूनही हातचा जाऊ नये म्हणून आहेत, आणि त्यासाठी काही बायकांना आठवडा-दीड आठवडा जास्त थांबावं लागतं ही किंमत जाणूनबुजून मोजलेली आहे.

या थांबण्याने गर्भाचं किंवा आईचं काही बिघडतं का? जिवंत गर्भ असेल तर तो वाढतच राहतो. गर्भ गेलेला असेल तर आठवडाभराने सहसा धोका वाढत नाही. ‘आत विष होईल’ असं जे म्हणतात त्याला या टप्प्यावर आधार नाही. धोका आहे तो वेगळ्या परिस्थितीत. चाचणी पॉझिटिव्ह आहे आणि गर्भाशयात सॅकच दिसत नाही, तर गर्भ नळीत रुजला असण्याची शक्यता असते. तिथे नुसतं दहा दिवसांनी या म्हणून चालत नाही, रक्तातल्या बीटा एचसीजीची पातळी दर दोन दिवसांनी पाहावी लागते. पण तिथेही एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये. एकदाच तपासलेलं एचसीजी कितीही आलं तरी तेवढ्यावरून गर्भाशयात चांगला गर्भ नाही असं ठरवता येत नाही. थांबण्याच्या काळात पोटात एका बाजूला जोराचं दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली किंवा तासाला दोन-दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

नक्की आणि शंकास्पद यांच्या मधली पट्टी बरीच रुंद आहे. 7 पेक्षा लहान गर्भात ठोके नसणं, 16 ते 24 मिलिमीटरची सॅक रिकामी असणं, 7 मिलिमीटरपेक्षा मोठी योक सॅक, गर्भाला अगदी घट्ट बसलेली छोटी सॅक, या सगळ्या वाईट खुणा आहेत. अनुभवी डॉक्टरच्या चेहऱ्यावर त्या दिसतातही. तरीही त्या शंकाच आहेत, आणि त्यांच्या आधारावर पिशवी साफ करू नये. घोळ बहुधा इथेच होतो. रिपोर्टमध्ये ‘ब्लायटेड ओव्हम’ असे दोन शब्द येतात, सॅकचं माप मात्र 18 मिलिमीटर असतं. किंवा तपासणी पोटावरून झालेली असते. वर सांगितलेले आकडे आतून केलेल्या सोनोग्राफीचे आहेत, ते पोटावरच्या तपासणीला लावता येत नाहीत. मागे वळलेलं गर्भाशय, मोठ्या फायब्रॉइडच्या गाठी, जुनं मशीन यांमुळेही छोटा गर्भ आणि त्याहून छोटी लुकलुक नजरेतून सुटते.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात: तपासणी आतून झाली का, सॅकची तिन्ही मापं आणि सरासरी दिली आहे का, गर्भ दिसला असेल तर सीआरएल किती, आणि योक सॅकचा उल्लेख आहे का. माप सीमेवर असेल तर दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा पाहावं असं म्हणण्यात अविश्वास नाही. अनेक चांगल्या केंद्रांत गर्भ गेल्याचं निदान दोन जणांनी स्वतंत्रपणे पाहून करायची पद्धतच आहे. आयव्हीएफने राहिलेल्या गर्भात तारखेचा संशय उरत नाही, कारण गर्भ कधी सोडला ते नोंदलेलं असतं. पण मापांचे निकष तिथेही तेच.

निदान पक्कं झालं की बाईपुढे तीन वाटा असतात. आपोआप पडण्याची वाट पाहणं, गोळ्या घेणं, किंवा नळीने खेचून पिशवी रिकामी करून घेणं. रक्तस्राव जोराचा नसेल, ताप नसेल, तर यातली कुठलीही त्याच दिवशी निवडायची सक्ती नाही. दोन-चार दिवस घरी जाऊन, नवऱ्याशी, आईशी बोलून ठरवलं तरी चालतं. ‘जिना चढले म्हणून’, ‘पपई खाल्ली म्हणून’, ‘स्कूटरवरून गेले म्हणून’ असं या दिवसांत मनात येतं आणि कधी कधी घरातलं कुणी बोलूनही दाखवतं. अशा सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची चूक असते. ती गर्भ राहतानाच झालेली असते. नंतरच्या जिन्याचा तिच्याशी संबंध नसतो, आणि थांबलेले ठोके परत आणणारं इंजेक्शनही नसतं.

पुढच्या वेळी दिवस गेले की पहिली सोनोग्राफी पाचव्या आठवड्यात करायची घाई करू नये. वेदना किंवा रक्तस्राव नसेल, आणि आधी गर्भ नळीत राहिल्याचा इतिहास नसेल, तर पाळीपासून सात आठवडे पूर्ण झाल्यावर केलेली तपासणी बहुतेक वेळा एकाच फेरीत उत्तर देते. पाळी लांबणाऱ्या बाईने त्यात आपल्या लांबलेल्या दिवसांची भर घालावी. सदतीस दिवसांच्या पाळीला नऊ दिवस, म्हणजे तिची तारीख आठ आठवडे दोन दिवसांनंतरची.